दाढ काढली तरी जबडा दुखायचा, निघालं हृदयाचं. दुखणं असं भलतीकडं जातं कसं?

गोदाकाठ
राम राम मंडळी. डोक्यात बसलेला एक प्रश्न आहे, डॉक्टर लोकं असतील तर जरा फोड करून सांगा.

आमचे अण्णा, वय 61, परभणीजवळ गाव. सोयाबीनच्या कोळपणीच्या टायमाला डाव्या खालच्या दाढेत दुखायलंय म्हणून सुरुवात झाली. मजा अशी की भाकरी खाताना काही नाही, गार पाणी पिताना काही नाही. कॅनॉलवरून शेताकडं जायचा जो चढ आहे ना, तो चढताना जबडा धरायचे. बांधावर टेकले की पाच-सात मिनिटांत सगळं शांत, मग उठून कामाला. आम्ही म्हणलो दाढच असणार, दुसरं काय. तालुक्याला दातवाल्याकडं नेलं, एक्सरेत दाढ खरंच किडलेली दिसली, काढून टाकली. जखम भरली, अण्णा पुन्हा शेतात गेले, आणि त्याच चढावर त्याच जागी पुन्हा तेच! दाढच नाही तर दुखतंय काय?

मग दुसऱ्या एका दातवाल्या मॅडमनी तोंड उघडायला सांगायच्या आधीच विचारलं, बाबा दुखतं कधी? चढताना म्हणल्यावर त्यांनी दाताला हातच लावला नाही, म्हणल्या आधी हृदयाचं बघून या. ईसीजी काढला, नॉर्मल. आम्ही खुश. पण तिथल्या फिजिशियननी टीएमटी करायला लावली, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवत ईसीजी, स्पीड वाढवला तसा अण्णांनी जबडा धरला आणि तिकडं ईसीजीच्या रेघा खाली गेल्या. संभाजीनगरला अँजिओग्राफी झाली, मोठी नळी बरीच बंद होती, स्टेंट टाकला. आता चढ चढतात, जबडा गप्प आहे.

छातीत एकदाही दुखलं नाही हो. मग हृदयातून जबड्याला काही नस जाते का? आणि जायचं तर नेमकं त्या दाढेतच कामून गेलं?

तूरडाळ
अण्णा आतल्या आत कुणावर तरी दात खात असतील. 😀
ठीक आहेत ना आता? तब्येतीला जपा म्हणावं.

मास्तर उदगीरकर
यात नवल काही नाही. हृदयाची मुख्य शीर डाव्या हाताला जाते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हृदयाला रक्त कमी पडलं की पुढं हाताला नि जबड्याला पण रक्त कमी पडणार, म्हणून तिथं दुखतं. हृदय डावीकडं म्हणून दुखणंही डावीकडंच. उजवा हात दुखत असेल तर बिनधास्त राहावं, ते हृदयाचं नसतं.

शंकासुर
मास्तर, रक्त कमी पडून हात दुखला असता तर हाताची नाडी लागली नसती की. ॲटॅकच्या पेशंटची नाडी डॉक्टर मनगटावरच बघतात.

रात्रपाळी
नांदेडला आहे, मेडिसिनचा डॉक्टर, आयसीयूच्या रात्री काढतो म्हणून हे नाव. शंकासुर बरोबर बोलले. हाताचं रक्त व्यवस्थित चालू असतं, हातात बिघाड काहीच नसतो. आणि मास्तर, ते उजव्या हाताचं वाक्य प्लीज कुणाला सांगू नका. दोन्ही हातांत किंवा उजव्या खांद्यात जाणारं दुखणं असेल तर आम्ही जास्त सावध होतो, कारण नुसत्या डाव्या हातापेक्षा त्यात हृदयाचं निघायची शक्यता उलट जास्त असते.

आता गोदाकाठ दादांचा प्रश्न. हृदयातून जबड्याला किंवा हाताला जाणारी नस नाही. गाठ पडते ती वर, मज्जारज्जूत. हृदयाकडून दुखण्याची खबर आणणारे बारीक तंतू छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूत शिरतात. त्याच पातळीवर छातीच्या कातडीचे, काखेचे आणि हाताच्या आतल्या बाजूचे तंतूही शिरतात. पुढं मेंदूकडं खबर नेणाऱ्या पेशी दोघांसाठी वेगळ्या ठेवलेल्या नाहीत. एकाच पेशीवर हृदयाचाही तंतू येऊन टेकतो आणि हाताचाही. पेशी पेटली की वर निरोप एकच, "इकडून काहीतरी दुखतंय".

एका डीपीवर दोन वस्त्या आहेत असं धरा. एका वस्तीतून रोज कुणी ना कुणी तक्रार करतं, दुसरीतून वर्षानुवर्षं चकार शब्द नाही. डीपीवर बिघाड झाला की वायरमन आधी कुठं जाणार? रोजच्या तक्रारवाल्या वस्तीत. मेंदूही तसंच करतो. हात रोज खरचटतो, भाजतो, आपटतो. हृदय आयुष्यभर गप्प असतं. म्हणून त्या पेशीचा निरोप मेंदू हाताच्या नावावर टाकतो.

जबड्याची भानगड थोडी वेगळी आहे, ड्युटीवर निघालोय, उद्या लिहितो.

तूरडाळ
आमच्याकडं वायरमन कुठल्याच वस्तीत जात नाही हो डॉक्टर. 😂

मानेचा पट्टा
मला पण खांद्याचा त्रास आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर काम, रात्री मोबाइल. उशी कोणती चांगली, कापसाची का ती फोमची? कुणी वापरली असेल तर सांगा, किंमत पण सांगा.

हिंगोलीकर
पट्टेवाले, थांबा जरा, उशीवर नंतर येऊ.

खांद्याचाच आमचा किस्सा सांगतो. मामाचा उजवा खांदा धरला होता, वरचा टोकाचा भाग, जिथं शर्टाची शिलाई येते तिथं. एकानं सांगितलं शीर चढली. मालिश झाली, लेप झाला, कुणीतरी खांद्यात इंजेक्शन पण दिलं. फरक शून्य. मामी म्हणायची रात्रीचा ताप येतो, घामानं अंथरूण भिजतं, जेवण तुटलंय, पण आमचं सगळ्यांचं लक्ष खांद्यावरच. शेवटी नांदेडला एका म्हाताऱ्या डॉक्टरनी खांद्याला हातही न लावता उजव्या बरगडीखाली दोन बोटं दाबली आणि मामा किंचाळलाच. सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये पूचा गोळा! सुईनं ओढून काढला, तपकिरी चॉकलेटी रंगाचा पू, आणि बाटल्या लावल्या. पू निघाला त्या रात्री खांदा गायब. एवढे दिवस ज्याला चोळत होतो तो खांदा ठणठणीत.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच, लिव्हर कुठं आणि खांदा कुठं. हृदय तरी छातीत आहे.

सुमनताई जालना
अगं बाई, माझं पण असंच झालं होतं! पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. पोटाला चार बारकी भोकं, ती दुखायची नाहीत एवढा खांदा दुखायचा. सिस्टर म्हणाली "गॅस आहे मावशी, जाईल". मी आपली सुनेला ओवा नि काळं मीठ आणायला सांगितलं 😄 दोन-तीन दिवसांनी आपोआप गेलं. ऑपरेशन टेबलावर हात ओढला असेल असं माझे मिस्टर अजून म्हणतात.

रात्रपाळी
सुमनताई, गॅस बरोबर होता पण ओव्याच्या पल्ल्यातला नव्हता. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, म्हणजे आत बघायला जागा होते. नंतर काढतात पण थोडा राहतोच, आणि तुम्ही उठून बसलात की तो वर जाऊन पडद्याखाली साठतो. पडदा म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला श्वासाचा स्नायू. तो चिडला की खांदा दुखतो. हिंगोलीकरांच्या मामांचं तेच, लिव्हर उजवीकडं पडद्याला खालून चिकटून असतं, गोळा वरच्या बाजूला असला की पडद्याला झोंबतो.

आता खांदाच का. पडद्याची मुख्य नस निघते मानेतून, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पातळीवरून. विचित्र वाटतं, स्नायू बरगड्यांखाली आणि नस मानेतून का? कारण गर्भात हा पडदा बनायला सुरुवात होते तीच मानेच्या पातळीला. गर्भ वाढतो तसा पडदा खाली सरकतो आणि नस मागं लांबत जाते. जागा बदलली, नोंद मात्र जुन्या पत्त्यावर राहिली. खांद्याच्या टोकाची कातडी पण मानेच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीवरच नोंदलेली आहे. पुढचा सगळा खेळ परवा सांगितला तोच.

यात एक बारकावा आहे, आणि तो कामाचा आहे. पडद्याचा मधला भाग या मानेच्या नसेवर चालतो, पण कडेच्या भागाची खबर बरगड्यांच्या नसा नेतात. म्हणून कडेला सूज आली तर खांदा दुखतच नाही, पोटात किंवा कुशीत दुखतं. फुफ्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया झालेलं लेकरू पोट धरून येतं आणि घरचे जंताचं औषध देत बसतात, हे मी पाहिलेलं आहे.

शंकासुर
हे सगळं ऐकायला छान आहे पण मला दोन शंका आहेत. एक, मेंदू एवढा हुशार म्हणता तर त्याला साठ वर्षांत हृदय आणि हात यातला फरक शिकता आला नाही? दोन, म्हणजे आता खांदा दुखला की सोनोग्राफी आणि जबडा दुखला की अँजिओग्राफी का? तपासण्यांची दुकानं आधीच कमी आहेत का?

दंतकथा
शंकासुर, दुसऱ्या शंकेचं माझ्यापुरतं उत्तर देते. मी लातूरला दातांची डॉक्टर आहे. जबडा दुखतो म्हणून रोज माणसं येतात आणि बहुतेक सगळ्यांचं दाताचंच असतं, त्यांना मी ईसीजीला पाठवत नाही. विचारायचं फक्त एवढंच, कशानं वाढतं आणि कशानं थांबतं. दाताचं दुखणं गारानं, गरमानं, चावण्यानं, आडवं झाल्यावर वाढतं, टोचतं किंवा ठणकतं, आणि कुठल्यातरी एका दातावर टिचकी मारली की पेशंट खुर्चीतून उठतो. हृदयाकडून आलेलं दुखणं दाबल्यासारखं, आवळल्यासारखं किंवा जळल्यासारखं असतं, बऱ्याचदा दोन्हीकडच्या जबड्यात किंवा हनुवटीखाली गळ्यात असतं, आणि चालण्यानं येतं, थांबलं की जातं. तरी शंका राहिलीच तर दाताभोवती बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघते. ओठ जड पडला, दात पूर्ण बधिर झाला, तरी पेशंट म्हणतो दुखतंय तसंच आहे, तर तो दात निर्दोष आहे असं समजायचं.

आणि ज्यांनी पहिल्यांदा दाढ काढली त्यांना फार बोलू नका कुणी. एक्सरेत कीड दिसत होती. आपल्याकडं साठीच्या माणसाच्या तोंडात किडलेली दाढ नसेल तर नवल. चूक दाढ काढण्याची नव्हती, दुखतं कधी हे न विचारण्याची होती.

गोदाकाठ
मॅडम, आमच्या अण्णांना डावीकडंच दुखायचं, दोन्हीकडं नाही. आणि टोचतं का आवळतं असं विचारलं की ते म्हणायचे "दुखतंय म्हणजे दुखतंय, त्यात काय प्रकार असतात".

दंतकथा
😄 हेच उत्तर रोज ऐकते. म्हणून मी प्रकार विचारायचं सोडलं, वेळ विचारते.

मास्तर उदगीरकर
डॉक्टरसाहेब, उजव्या हाताचं मान्य. पण मग डाव्या हाताचं एवढं नाव का झालं? आणि हातात मुंग्या येतात त्या पण यातच धरायच्या का? मला डाव्या अंगठ्यात नि पहिल्या बोटात येतात, तेव्हापासून घरचे मला जिना चढू देईनात.

रात्रपाळी
डावीकडं जास्त जातं हे खरं आहे, नुसतं डावीकडंच जातं हे खरं नाही, एवढाच फरक. का जास्त जातं याचं पक्कं उत्तर माझ्याकडं नाही. हृदयाच्या कुठल्या भागाला त्रास आहे त्यावर ते ठरतं असं म्हणतात, पण वॉर्डात ते इतकं नेमकं जुळत नाही.

तुमच्या अंगठ्याबद्दल मात्र बोलता येईल. हाताची प्रत्येक पट्टी मज्जारज्जूच्या वेगळ्या पातळीवर जाते. अंगठ्याची बाजू मानेच्या सहाव्या पातळीची, करंगळीची बाजू मानेच्या आठव्या आणि छातीच्या पहिल्या पातळीची, काख आणि दंडाची आतली बाजू छातीच्या दुसऱ्या पातळीची. हृदयाचे तंतू छातीच्या पातळ्यांवर येतात. म्हणून हृदयाचं दुखणं दंडाच्या आतून करंगळीकडं उतरतं. नुसत्या अंगठ्यात मुंग्या, त्यातही मान वळवल्यावर वाढत असतील, तर बहुतेक मानेचा मणका नस दाबतोय किंवा मनगटात नस आवळली जातेय. दाखवून घ्या, पण जिना चढा. जिना चढताना काही होतं का हे कळणंही कामाचंच आहे.

मानेचा पट्टा
मला पण अंगठ्यातच येतात! आणि उशीचं कुणी सांगितलं नाही.

सुमनताई जालना
या पट्ट्या म्हणजे नागीण उठते तशा का हो? आमच्या सासूबाईंना बरगडीवरून पाठीपर्यंत उठली होती, बरोबर अर्ध्या अंगाला, मधोमध थांबलेली. सगळे म्हणायचे तिचं तोंड नि शेपूट जुळू द्यायचं नाही.

रात्रपाळी
ताई, अगदी तेच! नागीण एकाच नसेच्या मुळात दबून बसलेला विषाणू उठल्यानं होते, म्हणून ती एकाच पट्टीत येते आणि अंगाच्या मध्यरेषेवर थांबते. तोंड-शेपटीची भीती सोडा, शक्यतो जुळतच नाही. लंडनच्या हेन्री हेड नावाच्या डॉक्टरनं 1890 च्या दशकात हेच केलं होतं. आतले अवयव बिघडलेल्या पेशंटांची कातडी कुठं कुठं हुळहुळी होते ते त्यानं अंगावर आखून घेतलं आणि नागिणीच्या पट्ट्यांशी ताडून पाहिलं. दोन्ही नकाशे बरेचसे जुळले. म्हणजे हृदयाच्या पेशंटच्या छातीच्या नि दंडाच्या कातडीला नुसतं हलकं टोचलं तरी जास्त दुखतं, कातडीला काही झालेलं नसताना. गडी एवढा नादिष्ट की 1903 मध्ये स्वतःच्या डाव्या हाताच्या कातडीच्या नसा कापून घेतल्या, संवेदना कशी परत येते ते बघायला.

उलटा घोळही होतो बरं का. नागिणीचे फोड उठायच्या दोन-चार दिवस आधी नुसतं दुखतं, डाव्या छातीत असेल तर माणूस ॲटॅक म्हणून येतो, ईसीजी नॉर्मल, आणि तिसऱ्या दिवशी पुरळ.

तूरडाळ
स्वतःची नस कापून बघणारा डॉक्टर आणि इथं बीपीचा पट्टा आवळला तरी आमची बोंब.

शंकासुर
माझी पहिली शंका सगळ्यांनी गिळली. मेंदू शिकत का नाही?

रात्रपाळी
गिळली नाही, वेळ नव्हता. शिकायला दोन गोष्टी लागतात. दुखणं वारंवार यायला हवं, आणि ते कुठून आलं हे दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनं पडताळता यायला हवं. हाताला काटा रुतला तर तुम्ही बघता, चाचपता, काढता. हृदय ना दिसतं ना चाचपता येतं. त्यात आतल्या अवयवांचे तंतू मुळातच कमी, आणि एकेक तंतू मज्जारज्जूच्या बऱ्याच पातळ्यांवर पसरलेला. म्हणून हृदयाचा पेशंट एका बोटानं जागा दाखवत नाही, मूठ किंवा अख्खा तळवा छातीवर ठेवतो. जो एका बोटानं "इथं" म्हणून दाखवतो आणि तिथं दाबलं की ओरडतो, त्याचं बहुतेक बरगडीचं किंवा स्नायूचं असतं. बहुतेक म्हणतोय, त्यावर पैज लावू नका.

जबड्याचं राहिलं होतं. हृदयाकडून दुसरी एक वाट थेट वर मेंदूच्या बुडाशी जाते, व्हेगस नावाच्या नसेतून. आणि मानेच्या अगदी वरच्या, पहिल्या-दुसऱ्या पातळीवर चेहऱ्याच्या नसेचे तंतूही खाली उतरून येतात. माकडांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की व्हेगसला किंवा हृदयाच्या नसांना चेतवलं की तिथल्या ज्या पेशी पेटतात, त्याच पेशी जबडा नि मान दाबल्यावरही पेटतात. म्हणजे खालच्या मजल्यावर हृदय आणि हात, वरच्या मजल्यावर हृदय आणि जबडा. ज्यांचं जबड्यात जातं त्यांच्यात वरची वाट जास्त बोलते असं मानतात. माणसात हे हाताइतकं पक्कं झालेलं नाही.

हिंगोलीकर
डॉक्टर, खांद्याचं घरी कसं ओळखायचं तेवढं सांगा. मामाला चोळण्यात जे दिवस गेले ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत.

रात्रपाळी
खांद्याच्या सांध्याचं असेल तर खांदा हलवल्यावर दुखतं. केस विंचरताना, माळ्यावरून डबा काढताना, पाठीमागं हात नेताना अडतं, त्या कुशीवर झोपवत नाही. पडद्याकडून आलेलं असेल तर हात चारी दिशांना मोकळा फिरतो, दाबून जागा सापडत नाही, पण खोल श्वास घेतला, खोकललं, उचकी लागली की खांद्यात कळ येते, आणि बऱ्याचदा सपाट झोपलं की वाढते. असा खांदा आणि सोबत ताप असला तर पोट-छातीची तपासणी करून घ्यायची, मालिश नाही. डावा खांदा असेल आणि आदल्या दोन-चार दिवसांत गाडीवरून पडून किंवा जनावरानं मारून डाव्या कुशीला मार लागला असेल, तर प्लीहा फाटून आत रक्त साठलेलं असू शकतं, ते रक्त पडद्याला झोंबतं. आणि बायकांमध्ये पाळी चुकलेली, ओटीपोटात दुखणं, चक्कर, नि आडवं झालं की खांद्याच्या टोकाला कळ, असं असेल तर नळीत राहिलेला गर्भ फुटलेला असू शकतो. या दोन्हीत सकाळची वाट बघायची नाही.

हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली तरी मान-खांद्याच्या मधल्या कडेला दुखतं, कारण त्यालाही तीच मानेची नस. ते आडवं झाल्यावर वाढतं, पुढं वाकून बसलं की कमी होतं.

शंकासुर
समजलं, दुकानांबद्दल जे बोललो ते तुमच्यावर नव्हतं. पण एक सांगा, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवून बघायची, थांबलं तर हृदयाचं, असं आमच्याकडं सर्रास करतात. बरोबर का?

रात्रपाळी
नाही. त्या गोळीनं अन्ननलिकेचा आवळा पण सुटतो, म्हणजे आराम पडला तरी काहीच सिद्ध होत नाही. आणि बीपी एकदम पडू शकतं, खासकरून हृदयाच्या उजव्या बाजूचा ॲटॅक असेल तर. डॉक्टरनी ज्याला लिहून दिलीय त्यानंच घ्यावी. जेलुसिल पिऊन बरं वाटलं म्हणून हृदयाचं नाही, हेही तितकंच चुकीचं.

बसल्या जागी जबडा, हात किंवा छाती दुखतेय, घाम फुटलाय, थांबत नाही, तर 108 लावायचा आणि ईसीजी होतो अशा जवळच्या ठिकाणी जायचं. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी निघून यायचं नाही. दुखणं चालू असेल तर तो थोड्या थोड्या वेळानं परत काढतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन काही तासांच्या अंतरानं दोनदा बघतात. अण्णांचा ईसीजी नॉर्मल होता कारण तो काढला तेव्हा ते निवांत पडलेले होते, दुखणं चालूच नव्हतं. आणि शुगरवाल्यांचं वेगळंच. जुन्या शुगरमध्ये हे बारीक तंतूच खराब होतात, मग जबडाही दुखत नाही नि हातही नाही, नुसता दम लागतो किंवा घाम फुटतो.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार, लई कळलं. पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. जबड्यात जातं हे पटलं, पण नेमकं त्या किडलेल्या दाढेतच का? योगायोग म्हणायचा का?

दंतकथा
मला योगायोग वाटत नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेत यावर प्रयोग झाले. विमानानं उंच गेल्यावर हवाई दलातल्या लोकांचे दात दुखायचे, तिथून तो विषय निघाला. काही जणांचे दात बधिर न करता कोरून भरले होते. पुढं नाकाशेजारच्या पोकळीच्या तोंडाशी टोचलं तर दुखणं उमटायचं त्या भरलेल्या दातात. आणि त्या दाताची नस एकदा नीट बधिर केली की नंतर ते उमटणं बंद व्हायचं. म्हणजे जिथून आधी त्रास झालाय त्या जागेच्या पेशी मज्जारज्जूत तापून बसलेल्या असतात, बाहेरून थोडी भर पडली तरी पेटतात. अण्णांची कीड कुरकुर करण्याइतकी नव्हती, हृदयाची नळी एकटी दुखणं जबड्यात नेऊन पोचवण्याइतकी नव्हती, दोन्ही मिळून झालं असावं. दाढ काढली तरी त्या पेशी जागेवरच होत्या, म्हणून पुन्हा तिथंच.

रात्रपाळी
मॅडम, पटण्यासारखं आहे, पण त्या प्रयोगात पोकळी नि दात दोन्ही चेहऱ्याच्याच नसेवर. हृदयाच्या बाबतीत तेवढंच लागू होईल असं मी छातीठोक नाही म्हणणार. माझ्याकडं असेही पेशंट आलेत ज्यांच्या तोंडात एकही दात नव्हता आणि कवळीखाली हिरडी दुखतेय म्हणायचे.

दंतकथा
हिरडीला पण नस असतेच की सर. आणि ते दात कधीकाळी किडूनच पडले असतील ना? 🙂

रात्रपाळी
यावर माझ्याकडं उत्तर नाही. गोदाकाठ दादा, अण्णांना एक सांगून ठेवा, स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या ज्या दोन गोळ्या आहेत त्या हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत. उद्या दुसरी दाढ काढायची वेळ आली तरी दातवाल्यांना आधी स्टेंटचं सांगायचं.

दंतकथा
हे मात्र शंभर टक्के. आम्ही त्या गोळ्या चालू ठेवूनच दात काढतो, थोडं जास्त वेळ दाबून धरावं लागतं एवढंच.

गोदाकाठ
सांगतो. अण्णा म्हणायलेत उरलेल्या दाढा आता कुणाला दाखवणारच नाही.

मानेचा पट्टा
फोमची घेतली शेवटी.